मखाणे की कुरमुरे: कढईत कशाला किती वेळ द्यायचा?

संध्याकाळच्या चहाबरोबर तळण नको, पण कुरकुरीत काहीतरी हवं, असं ठरलं की घरात दोनच डबे उघडले जातात, मखाण्यांचा किंवा कुरमुऱ्यांचा. दोन्ही भाजायला कढई एकच, पण भाजण्याची रीत अगदी उलट. ती कळली की आज काय करायचं हेही ठरवता येतं.

कुरमुरा पातळ सालीचा आणि आतून पोकळ असतो. तो आधीच फुललेला असल्यामुळे आपण त्याला शिजवत नाही, फक्त हवेतून शोषलेला दमटपणा उडवतो. मखाण्याचा गर मात्र जाड आणि स्पंजसारखा. त्यात हवा भरलेली असल्याने उष्णता आतपर्यंत सावकाश पोचते. आच मोठी केली तर वरून तांबूस डाग पडतात आणि आतला गाभा चिवटच राहतो. बहुतेकांचे मखाणे दाताखाली चिवट लागतात ते याचमुळे.

म्हणून मखाण्यांना मंद आच आणि दहा-बारा मिनिटं द्यायची. पन्नास ग्रॅम मखाणे जाड बुडाच्या कढईत कोरडेच घाला आणि सतत हलवत राहा. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. इथेच हात गॅसच्या बटणाकडे जातो, तो जाऊ देऊ नका. सातव्या-आठव्या मिनिटाला आवाज बदलतो. आधी मखाणे कढईत मऊ आपटत असतात, मग खडखडू लागतात. दहाव्या मिनिटाला एक मोठा मखाणा बाहेर काढून अर्धा मिनिट गार होऊ द्या आणि अंगठा व बोटात दाबा. कट्‌कन फुटून चुरा झाला तर झाले. दबून पुन्हा फुगला किंवा मधे पापडासारखा वाकला, तर अजून दोन मिनिटं. गरम मखाण्यावर ही परीक्षा करू नका. भाजलेला जिन्नस गार झाल्यावरच खरा कुरकुरीत होतो, गरम असताना तयार मखाणाही थोडा नरमच लागतो.

तूप मी शेवटी घालते, एक चहाचा चमचा. सुरुवातीलाच घातलं तर पहिले काही मखाणेच ते पिऊन टाकतात आणि तेवढेच लवकर लाल होतात. गॅस बंद करून तूप चोळायचं, मग मीठ, मिरपूड, हळद. तुपाशिवाय मसाला चिकटत नाही, तळाशी साचतो. लाल तिखट चालू गॅसवर घातलं तर करपून खोकला येतो.

कुरमुऱ्यांना वेळ नाही, लक्ष हवं. शंभर ग्रॅम कुरमुरे दोन खेपांत, प्रत्येक खेप मंद-मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. एक दाणा चिमटीत धरून दाबला की चटकन मोडला पाहिजे. पुढे एखादं मिनिट जरी जास्त झालं, तरी ते आक्रसतात, कडा पिवळ्या पडतात आणि चव कडवट होते. मग काही उपाय उरत नाही. उन्हाळ्यात तर कढईही नको, ताटात पसरून दोन तास कडक ऊन पुरतं.

चिवडा किंवा भडंग करायचा असेल तर कुरमुरे आधी कोरडे भाजून बाजूला ठेवा. फोडणीत शेंगदाणे, लसूण आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होऊ द्या. अर्धवट तळलेल्या कढीपत्त्यात पाणी राहतं, ते दुसऱ्या दिवशी डब्यात कुरमुरे शोषतात. फोडणी जराशी निवल्यावर कुरमुरे घालून हलक्या हाताने कालवा. मिठाचं जपून, कारण बाजारातले कुरमुरे बहुतेक वेळा खारेच असतात.

मग निवड कशी करायची? उपवास असेल तर प्रश्नच नाही. कुरमुरे तांदळाचे, म्हणून मखाणेच, तुपात, सैंधव घालून. चार पाहुणे दारात उभे असतील आणि हातात पंधरा मिनिटं असतील, तर कुरमुरे. सात-आठ मिनिटांत भाजून, उरलेल्या वेळात फोडणी होते, शिवाय खर्चही फारच कमी. दहा-बारा मिनिटं कढईशी उभं राहायला जमत असेल आणि लहान मुलांना डब्यात बिनतिखटाचं, हाताला तेल न लागणारं काही द्यायचं असेल, तर मी मखाण्यांकडे वळते.

पावसाळ्यात दोन्ही सादळतात. गरम असताना डबा बंद केला की आत वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सादळलेले मखाणे मंद आचेवर तीन-चार मिनिटांत पुन्हा खडखडतात. फोडणीचा चिवडाही कोमट कढईत दोन मिनिटं परतला की सावरतो, पण त्यातल्या शेंगदाण्यांना खवट वास येत असेल तर तो परतून जात नाही.