मिसकूट : म्हापशाच्या बाजारात की दुकानात?

घरी केलेले मिसकूट, म्हणजे गोव्याकडचे कैरीचे लोणचे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वतः बसून विकावे की दुकानात ठेवावे, हे ठरवण्याआधी बाटली घरातून निघतानाच केवढ्याला पडते, ते पाहावे लागते. समजा, पाव किलोच्या 20 बाटल्यांसाठी कैऱ्या, मीठ, मोहरी, मिरची व तेल यांना 1000 रुपये, बाटल्या व लेबलांना 400 आणि चिरण्यापासून भरण्यापर्यंतच्या 8 तासांचे, तासाला 80 प्रमाणे, 640 रुपये धरले, तर एक बाटली 102 रुपयांना पडते. बाटल्या धुऊन उन्हात वाळवण्याचा वेळ बहुतेक जणी धरतच नाहीत. तो यात आहे.

बाजारात 6 तासांचे 480 आणि बसभाडे व जागेचे 120, असे 600 रुपये वाढतात. सर्व बाटल्या खपल्या तर किंमत 132 होते, पण 12च खपल्या तर त्यांतील प्रत्येक बाटली 152 रुपयांवर जाते.

दुकानदार विक्रीच्या किमतीवर 25 टक्के घेत असेल, तर 102 मध्ये पाव भाग मिळवून 128 लावणे चुकीचे ठरते, कारण त्यातून 32 कापल्यावर हातात 96च उरतात. 102ला 0.75ने भागून 136 लावावे लागतात, आणि नफा त्यानंतरचा.

म्हणजे 18 बाटल्या नक्की खपणार असतील तरच बाजारातली बाटली 136च्या आत पडते आणि बाजार परवडतो. दुकानातला माल मात्र अधूनमधून पाहावा. फोडी तेलाच्या वर आल्या की बुरशी धरते, आणि तशी परत आलेली बाटली आपल्याच खर्चात पडते.