विमानप्रवासाला डेली लेन्स न्यायच्या की मंथली? आणि चष्म्याचं काय?

समजा दहा दिवसांची ट्रिप आहे आणि जाताना रात्रभराची फ्लाइट. मंथली वापरत असाल तर रोज लेन्स चोळून धुवायला आणि केस भरायला मिळून साधारण १० मिली सोल्युशन लागतं, म्हणजे १०० मिली तिथेच गेलं. घरातली मोठी बाटली केबिन बॅगेत चालत नाही. बहुतेक ठिकाणी १०० मिलीची मर्यादा बाटलीच्या साइजवर बघतात, आत किती उरलंय त्यावर नाही, त्यामुळे अर्धी रिकामी ३०० मिलीची बाटलीही सिक्युरिटीला अडकू शकते. मग लोक काय करतात, शाम्पूच्या छोट्या बाटलीत सोल्युशन ओततात. हे अजिबात नको, ते ओतलं की निर्जंतुक राहत नाही. सरळ ६० मिलीचा सीलबंद ट्रॅव्हल पॅक हातात ठेवा आणि मोठी बाटली चेक-इनमध्ये टाका.

पेरॉक्साइडवालं सोल्युशन असेल तर अजून एक भानगड. लेन्स त्याच्याच खास केसमध्ये निदान सहा तास राहिली पाहिजे, नाहीतर डोळ्यात घातल्यावर अशी आग होते की विचारू नका. रात्रीची झोपच चार तासांची असेल तर हे गणित बसत नाही.

डेलीला यातलं काहीच नाही. दहा जोड्या अधिक तीन एक्स्ट्रा, म्हणजे २६ लेन्स, खिशात मावतात. महाग पडतात हे खरं, पण दोन आठवड्यांपर्यंतच्या ट्रिपला मी डेलीच घेईन. महिनाभर जायचं असेल तर मात्र मंथलीच बरी.

फ्लाइटमध्ये मात्र दोन्ही नकोत, चष्माच लावा. केबिनची हवा फार कोरडी असते, ह्युमिडिटी बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली, आणि लेन्स घालून डुलकी लागली की इन्फेक्शनचा धोका कितीतरी वाढतो. आणि चष्मा वरच्या कप्प्यात नको, पायाशी ठेवलेल्या बॅगेत ठेवा.

चष्म्याच्या नंबरावर लेन्स घेता येईल असं समजू नका. चष्मा -६ असेल तर लेन्स साधारण -५.५० लागते, कारण ती थेट डोळ्यावर बसते. लेन्सच्या डबीवरचा पॉवर, बीसी आणि डायमीटर दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, एखादी हरवली तर दुकानात तेवढं दाखवलं की बरंच काम होतं.

डोळा लाल झाला तर आधी लेन्स काढा. नुसता कोरडेपणा असेल तर थोड्या वेळात बरं वाटतं. पण काढूनही दुखतंय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, लेन्स आणि केस फेकू नका, सोबत न्या, त्यावरून कधीकधी जंतू कुठला ते तपासता येतं. आणि सोल्युशन संपलं म्हणून नळाच्या किंवा बाटलीच्या पाण्यात लेन्स ठेवायची नाही, त्यातल्या अकँथामिबाने होणारं इन्फेक्शन दुर्मिळ असलं तरी बरं व्हायला महिने घेतं, त्यापेक्षा मंथली जोडी सरळ फेकून चष्म्यावर राहिलेलं परवडलं.