वेगवान गोलंदाजाचा वर्कलोड: गुणोत्तर बघायचं की चेंडू मोजायचे?

सोळा-सतरा वर्षांची वेगवान गोलंदाजी करणारी मुलं ज्यांच्या हाताखाली आहेत, त्या प्रशिक्षकांसाठी हे लिहितोय. मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले हे वहीत लिहायला सुरुवात केली, की लगेच पुढचा प्रश्न येतो: या आकड्यांचं करायचं काय? एक रस्ता अक्यूट-क्रॉनिक वर्कलोड रेशोचा. त्याला इथे नुसतं गुणोत्तर म्हणतो. दुसरा रस्ता जुना आणि साधा आहे: दिवसाला किती चेंडू, आठवड्याला किती, आणि मध्ये किती दिवस सुट्टी, याची मर्यादा आखून घ्यायची. दोन्हींना एकाच मुलाच्या वहीवर तपासून बघू.

आधी गुणोत्तर काय आहे ते. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. भार म्हणजे टाकलेले चेंडू, किंवा सराव किती जड गेला याला मुलाने दहापैकी दिलेला आकडा गुणिले सरावाची मिनिटं. वरचा आकडा थकव्याचा, खालचा शरीराने कमावलेल्या तयारीचा, अशी त्यामागची कल्पना. तिचं मूळ १९७०च्या दशकातल्या बॅनिस्टरच्या मॉडेलमध्ये आहे, पण दुखापतीशी तिची गाठ पडली ती क्रिकेटमुळे. २०१४ मध्ये हुलिन, टिम गॅबेट आणि सहकाऱ्यांनी २८ वेगवान गोलंदाजांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. ज्या आठवड्यात भार सरासरीच्या दुपटीहून जास्त झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका चेंडूंच्या हिशोबाने ३.३ पट आणि मेहनतीच्या हिशोबाने ४.५ पट दिसला. ही तुलना सरासरीपेक्षा कमी भार असलेल्या आठवड्यांशी होती. २०१६ मध्ये गॅबेटने ०.८ ते १.३ हा सुरक्षित पट्टा आणि १.५ च्या वर धोका, असं चित्र मांडलं. हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत ते जगभरच्या संघांच्या स्क्रीनवर गेलं.

आता वही उघडू. हा मुलगा नमुन्यादाखल आहे, पण असे आकडे कुठल्याही क्लबात सापडतील. वय १७, उजव्या हाताने गोलंदाजी. गेल्या चार आठवड्यांचे चेंडू १२०, १३२, १०८, १२०. पाचव्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी नेटमध्ये ३६-३६ चेंडू, शनिवारी सामन्यात १४ ओव्हर म्हणजे ८४, रविवारी आणखी १० ओव्हर म्हणजे ६०. एकूण २१६.

मर्यादेची पद्धत इथे काय सांगते? इंग्लंडच्या बोर्डाने अनेक वर्षं वापरलेल्या नियमांत १६-१७ वर्षांच्या गोलंदाजाला एका स्पेलमध्ये सात आणि दिवसात १८ ओव्हर चालत. आपल्या मुलाने शनिवारी सात-सातचे दोन स्पेल टाकले. नियम कुठेच मोडला नाही, कारण दिवसाची मर्यादा फक्त दिवस बघते. मंगळवार-गुरुवारचे नेट आणि लागोपाठचे दोन सामन्याचे दिवस मिळून काय झालं, हे तिला दिसत नाही. गुणोत्तराला ते दिसतं. २१६ भागिले १२० म्हणजे १.८. सरळ लाल.

इथे गुणोत्तराची बाजू वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवं. पण याच ठिकाणी पहिली टीकाही समजून घ्यावी लागते. १.८ हा आकडा मी आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीने काढला. बऱ्याच अॅपमध्ये आणि मूळ अभ्यासातही चालू आठवडा खालच्या सरासरीत धरतात. तसं केलं तर खालचा आकडा १३२, १०८, १२० आणि २१६ यांची सरासरी, म्हणजे १४४ होतो आणि गुणोत्तर १.५ येतं. मुलगा तोच, चेंडू तेच, फक्त हिशोबाची रीत बदलली आणि १.८ चं १.५ झालं. लोली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अंश आणि छेद दोन्हींत तोच आठवडा असला, की खेळाडूचा काहीही संबंध नसताना त्या दोन आकड्यांत परस्परसंबंध तयार होतो. म्हणून गुणोत्तर वापरायचंच असेल तर चालू आठवडा छेदातून बाहेर काढा. आठवड्यांचे चेंडू B2 ते B5 आणि चालू आठवडा B6 मध्ये असेल, तर शीटमध्ये एवढंच:

```
=B6/AVERAGE(B2:B5)
```

दुसऱ्या अॅपमधला आकडा याच्याशी ताडून बघू नका. १.५ ची रेषा कुठल्या रीतीच्या हिशोबावर आखली होती, हे माहीत नसेल तर ती रेषा निरुपयोगी आहे.

त्याहून खोल टीका इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांची आहे. २०२१ मध्ये त्यांनी छेदात खेळाडूच्या खऱ्या सरासरीऐवजी स्वैर निवडलेले आकडे घातले. तरी दुखापतीशी दिसणारा संबंध जवळपास तसाच राहिला. म्हणजे जे काही हाती लागत होतं ते बहुतेक वरच्या आकड्यातून, त्या आठवड्याच्या भारातून येत होतं. 'कमावलेल्या तयारीने' भागण्याने फारशी भर पडत नव्हती. आपल्या वहीकडे परत बघा. १२० वरून २१६, म्हणजे ९६ चेंडू जास्त, एका झटक्यात सोळा ओव्हर. हे वजाबाकीतही तितकंच स्वच्छ दिसतं आणि मुलाला समजावायलाही सोपं जातं.

भागाकाराने काय हरवतं, ते सुट्टीनंतर कळतं. समजा हाच मुलगा बारावीच्या परीक्षेमुळे महिनाभर मैदानावर आला नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने हळूच २४ चेंडू टाकले. चालू आठवडा धरून सरासरी सहा, गुणोत्तर ४. त्याने २४ ऐवजी २४० टाकले असते तर सरासरी ६० आणि गुणोत्तर पुन्हा ४ च. या रीतीत चारच्या वर आकडा जाऊच शकत नाही. चालू आठवडा बाहेर काढला तर शून्याने भागायची वेळ येते. दुखापतीतून परतणारा मुलगा हा सगळ्यात नाजूक, आणि नेमका त्याच्याच बाबतीत गुणोत्तर मुकं होतं. उलट आठवड्याला ४० चेंडू टाकत राहणाऱ्याचं गुणोत्तर कायम १.० येईल. पट्टा हिरवा, पण हा मुलगा दोन दिवसांच्या सामन्याला तयार नाही. १८० टाकणाऱ्याचंही १.० च. मोजलेल्या चेंडूंची मर्यादा इथे सरळ बोलते. ऑस्ट्रेलियात डेनिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रथम श्रेणीच्या गोलंदाजांत पाहिलं, की आठवड्याला सरासरी १२३ पेक्षा कमी आणि १८८ पेक्षा जास्त चेंडू टाकणारे, दोघेही जास्त जखमी होत होते. तसंच दोन सत्रांमध्ये सरासरी दोन दिवसांपेक्षा कमी किंवा पाच दिवस वा त्याहून जास्त अंतर असलेलेही. हे आकडे मोठ्या, कसलेल्या गोलंदाजांचे आहेत, सतरा वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावू नका. मात्र कमी टाकणंही धोक्याचं असतं, हे त्यात स्पष्ट आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका सामन्यात ५० ओव्हरच्या वर टाकणाऱ्यांचा धोका पुढचे तीन आठवडे वाढलेला राहतो. हाड असंच वागतं. वेगवान गोलंदाजाच्या कमरेचा स्ट्रेस फ्रॅक्चर एका चेंडूने होत नाही. मणक्याचा तो बारीक भाग वाकण्या-पिळण्याने झिजतो, त्याची दुरुस्ती आठवडेच्या आठवडे चालते आणि त्या काळात तो कच्चा असतो. आता वही पुढे न्या. २१६ नंतरच्या आठवड्यात प्रशिक्षकाने शहाणपणाने ९६ वर आणलं. गुणोत्तर ९६ भागिले १४४, म्हणजे ०.६७. सुरक्षित पट्ट्याच्या खाली. स्क्रीन सांगते की मुलगा कमी टाकतोय, वाढवा. त्याच्या पुढच्या आठवड्यात १३२ टाकले, तर आधीच्या चार आठवड्यांची सरासरी १३५ आणि गुणोत्तर ०.९८. हिरवा, आदर्श. आणि हा मोठ्या आठवड्यानंतरचा दुसराच आठवडा, ज्यात हाड अजून कच्चं असू शकतं. सात दिवसांची खिडकी पुढे सरकली की मोठा आठवडा सरासरीत मिसळतो आणि आता तो तयारी म्हणून मोजला जातो. अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारी सरासरी वापरली तरी ही अडचण पुरती सुटत नाही.

मग गुणोत्तर वापरल्याने दुखापती कमी होतात का? याची एक नीट चाचणी झाली आहे, फुटबॉलमध्ये. नॉर्वेत ३४ युवा संघांतल्या ४८२ खेळाडूंवर, संघांची चिठ्ठीने विभागणी करून, एक हंगामभर. निम्म्या संघांच्या प्रशिक्षकांनी गुणोत्तर बघून सराव आखला. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत दुखणी-दुखापतींत लक्षणीय फरक नव्हता. गोलंदाजी वेगळी आहे हे खरं. पण गोलंदाजांवर तशी चाचणी दाखवता येत नसेल, तर हिरवा रंग बघून मुलाला सामन्यात उतरवायला आधार नाही.

माझी निवड अशी. क्लब किंवा शाळेच्या पातळीवर, जिथे फिजिओ रोज नसतो, तिथे चेंडूंची वही आणि मर्यादा हीच मुख्य पद्धत ठेवा. फक्त दिवसाच्या मर्यादेला आठवड्याची जोडा आणि त्यात नेटमधले चेंडू धरा. नेटचे चेंडू वगळणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. मुलं घराजवळ टेनिस बॉलवर टाकतात तेही विचारा. गुणोत्तराचा उपयोग एकाच कामाला करा: पुढचे चार-सहा आठवडे आखताना. वेळापत्रकात दोन दिवसांचा सामना दिसतोय आणि हिशोब १.८ येतोय, तर सामन्याच्या आधीच चेंडू टप्प्याटप्प्याने चढवा किंवा त्या आठवड्यातला मंगळवारचा नेट काढून टाका. आपल्या मुलाचा तो नेट काढला असता तर २१६ चे १८० झाले असते. झालेल्या आठवड्यावर रंग चढवून मुलाला बसवायचं किंवा खेळवायचं, यासाठी मात्र तो आकडा वापरू नका. तुमच्याकडे मोठा संघ, जीपीएस आणि पूर्णवेळ माणूस असेल, तरी त्या माणसाने प्रत्येक मुलाचे कच्चे आकडे समोर ठेवावेत आणि गुणोत्तर त्यांच्या शेजारी.

मोठ्या आठवड्यानंतर चार आठवडे वहीत चेंडूंच्या शेजारी एक रकाना वाढवा: कंबर. उजव्या हाताच्या गोलंदाजाला स्ट्रेसचं दुखणं बहुधा डाव्या बाजूला, कमरेच्या खालच्या मणक्यांत येतं. सरावाआधी मुलाला डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला सांगा. दुखलं म्हणजे फ्रॅक्चरच आहे असं नाही, आणि नाही दुखलं म्हणजे सुटलो असंही नाही. पण दोन सत्रं लागोपाठ तिथेच दुखत असेल तर चेंडू शून्य करा आणि डॉक्टरांकडे एमआरआयबद्दल विचारा. एक्स-रेत रेघ दिसण्याच्या आधी हाडातली सूज एमआरआयवर दिसू शकते, आणि त्या टप्प्यावर थांबलेला मुलगा चीर पडल्यावर थांबलेल्यापेक्षा सहसा लवकर परततो.