पुण्याचे ४.८० लाख की जळगावचे ३.३६ लाख? दोन ऑफर लेटर शेजारी ठेवल्यावर

माझी भाची पाचोऱ्याची. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम शिकली. यंदा दिवाळीच्या आधी एकाच आठवड्यात तिला दोन ऑफर लेटर आली. एक पुण्याच्या कंपनीचं, सीटीसी ४,८०,०००. दुसरं जळगाव एमआयडीसीतल्या कारखान्याचं, सीटीसी ३,३६,०००. काम दोन्हीकडे अकाउंट्सचंच. घरात सगळ्यांनी पुणं ठरवूनही टाकलं होतं, कारण फरक दीड लाखाच्या जवळचा दिसत होता. ताईने मात्र मला फोन करून सरळ विचारलं, "हातमा कितला येतीन ते सांग."

मी एमआयडीसीत पगारपत्रकं करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. रविवारी दोन्ही पत्रं घेऊन आम्ही ओट्यावर बसलो.

सीटीसी म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी'. तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीचा वर्षाला जो काही खर्च होतो, तो सगळा त्या आकड्यात धरतात. त्यातला काही भाग दर महिन्याला बँकेत येतो, काही पीएफमध्ये जातो, काही पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो आणि काही, म्हणजे कामगिरीवर ठरणारा व्हेरिएबल पे, मिळेलच असं नसतं. म्हणून पत्राचं पहिलं पान बाजूला ठेवायचं आणि शेवटी जोडलेला तक्ता काढायचा. 'ॲनेक्शर' असं त्यावर लिहिलेलं असतं. तो जोडलेला नसेल तर आधी मागून घ्यावा, त्याच्याशिवाय दोन पत्रांची तुलनाच होत नाही.

दोन्ही तक्त्यांतले वर्षाचे आकडे असे होते:

| | पुणे | जळगाव |
|---|---|---|
| सीटीसी | ४,८०,००० | ३,३६,००० |
| व्हेरिएबल पे | ६०,००० | नाही |
| जॉइनिंग बोनस | ३०,००० | नाही |
| विम्याचा हप्ता | ९,००० | नाही |
| कंपनीचा पीएफ | २१,६०० | २१,६०० |
| ग्रॅच्युइटी | ९,२४० | ९,२४० |
| दर महिन्याचा ठोक पगार | २९,१८० | २५,४३० |

वरची सगळी वजाबाकी झाल्यावर जे उरतं, त्याला बाराने भागलं की शेवटची ओळ येते. त्यातूनही दोन कपाती होतात. पहिली तुमच्या वाट्याच्या पीएफची. बऱ्याच कंपन्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के धरतात, म्हणजे महिन्याला १,८००. तेवढेच कंपनी तिच्या बाजूने भरते आणि तेही सीटीसीत मोजते. दुसरी कपात व्यवसाय कराची, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, पण भाची दोन्हीकडे त्या रेषेच्या वर जात होती, जळगावात तर जेमतेम ४३० रुपयांनी. एवढ्या पगारावर नव्या पद्धतीत आयकर बसत नाही.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर निघालं. पुण्यात हातात २७,१८०, जळगावात २३,४३०. सीटीसीत महिन्याला १२,००० चा फरक दिसत होता, तो हातात येईपर्यंत ३,७५० वर आला.

भाची म्हणाली, "मावशी, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी तर माझीच ना?" पीएफ तिचाच. नोकरी बदलली तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो आणि पैसे सोबत येतात. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. तिचा मूळ पगार १६,००० धरला तर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, असे पाच वर्षांचे सुमारे ४६,००० होतात. चौथ्या वर्षी राजीनामा दिला तर हातात काही येत नाही. कंपनीने मात्र ते पैसे पहिल्या वर्षापासून सीटीसीत दाखवलेले असतात. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांसाठी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनुसार, एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी आहे. त्यामुळे पत्रात 'फिक्स्ड टर्म' असा शब्द असेल तर हा मुद्दा वेगळा विचारावा.

यानंतर खर्चाचा हिशोब. पुण्यात खराडीला तिच्या दोन मैत्रिणी राहतात, तिसरी आली तर प्रत्येकी ७,००० भाडं आणि मेसचे ३,५००. जळगावला पाचोऱ्याहून रेल्वेने अप-डाऊन, स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत रिक्षा, मिळून १,५०० धरले. पुण्यात उरतात १६,६८० आणि जळगावात २१,९३०. म्हणजे महिन्याला ५,२५० रुपयांनी, वर्षाला ६३,००० रुपयांनी जळगाव पुढे.

पुण्याच्या बाजूला व्हेरिएबल आणि जॉइनिंग बोनस मिळून ९०,००० आहेत, ते दोन्ही पूर्ण हातात पडले तर पहिल्या वर्षी पुणं २७,००० नी पुढे जातं. दुसऱ्या वर्षी जॉइनिंग बोनस नाही, व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी दोन्ही जवळपास बरोबरीत. माझ्या मते या पत्रांतला खरा निर्णय एवढ्या एका जागी होता: ते ६०,००० कितपत खात्रीचे आहेत? पत्रात लिहिलं होतं की व्हेरिएबल कंपनीच्या आणि कर्मचाऱ्याच्या कामगिरीवर ठरेल, एप्रिलमध्ये मिळेल आणि त्या दिवशी नोटीसवर असलेल्याला मिळणार नाही. किती टक्के मिळेल याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

आता प्रोबेशन. दोन्हीकडे सहा महिने. हा काळ कंपनीने तुम्हाला पारखायचा आणि तुम्ही कंपनीला. पुण्याच्या पत्रात पुढे होतं की प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवता येईल आणि लेखी पत्र मिळाल्याशिवाय कायम झाल्याचं समजू नये. हे दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत. सहा महिने झाले, कोणी काही बोललं नाही, म्हणजे आपण कायम झालो असं धरून चालतात, आणि वर्षभराने कळतं की कागदावर अजून प्रोबेशनच चालू आहे. सातव्या महिन्यात एक साधी मेल टाकून कन्फर्मेशनचं पत्र मागावं, एवढाच उपाय. पीएफचा किंवा ग्रॅच्युइटीच्या वर्षांचा प्रोबेशनशी संबंध नसतो, नोकरी मोजायची ती रुजू झाल्याच्या दिवसापासून.

प्रोबेशनमध्ये सोडायचं झालं तर जळगावात दोन्ही बाजूंना १५ दिवसांची नोटीस होती. पुण्यात कंपनी ७ दिवसांत काढू शकत होती, पण भाचीला ३० दिवस द्यावे लागणार होते. असं एकतर्फी कलम दिसलं की त्याच्या खाली पेन्सिलने रेघ मारून ठेवावी, बोलणी करताना ते काढता येतं.

नोटीस पिरियड म्हणजे राजीनामा दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ. कायम झाल्यावर जळगावात ३० दिवस, पुण्यात ९०. पुढची कंपनी तीन महिने थांबायला तयार होतेच असं नाही, विशेषतः सुरुवातीच्या पदांवर. मग उरलेले दिवस विकत घ्यायचे, ज्याला 'बायआउट' म्हणतात. समजा भाची आठव्या महिन्यात, कायम झाल्यावर, ३० दिवस काम करून निघाली. उरलेल्या ६० दिवसांचे पैसे ठोक पगारावर धरले तर ५८,३६०, मूळ पगारावर धरले तर ३२,०००. पत्रात 'सॅलरी इन ल्यू ऑफ नोटीस', म्हणजे नोटीसच्या बदल्यात पगार, एवढंच होतं, कुठला पगार ते नव्हतं. शिवाय वर्षाच्या आत सोडल्यास जॉइनिंग बोनसचे ३०,००० परत करायचे. जास्तीत जास्त ८८,३६०, म्हणजे हातात येणाऱ्या तीन पगारांपेक्षाही जास्त.

आणखी एक शब्द त्याच कलमात होता, 'ॲट द सोल डिस्क्रिशन ऑफ द कंपनी'. पैसे घेऊन सोडायचं की नाही हे कंपनी ठरवणार, तुम्ही पैसे पुढे केले म्हणून सुटका होईलच असं नाही. तसंच निघून गेलं तर रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि पुढच्या नोकरीत पहिल्याच दिवशी तेच मागतात.

आम्ही पुण्याला तीन प्रश्नांची मेल पाठवली. गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं, बायआउट कुठल्या पगारावर धरता, आणि नोव्हेंबरमध्ये रुजू झालेल्याला पहिल्या एप्रिलमध्ये काय मिळतं. दोन दिवसांत उत्तर आलं, आणि सभ्य भाषेत आलं. बायआउट मूळ पगारावर. टक्केवारी सांगता येणार नाही. १ ऑक्टोबरनंतर रुजू होणाऱ्यांना पहिल्या एप्रिलमध्ये व्हेरिएबल नाही, ते त्याच्या पुढच्या एप्रिलपासून. म्हणजे पहिल्या वर्षीच्या ९०,००० मधले ३०,००० उरले, समोर जळगावचे ६३,०००.

पुणं वाईट असा याचा अर्थ नाही. तिथे मामाचं किंवा काकांचं घर असतं तर भाड्याचे ७,००० वाचले असते आणि हिशोब पुण्याकडे झुकला असता. तिथे एसएपीवर, म्हणजे मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॉफ्टवेअरवर, काम करायला मिळणार असतं तर दोन वर्षं तोटा सोसूनही मी तिला जा म्हटलं असतं, कारण ते शिकल्यावर पुढचा पगार वेगळ्या पातळीवर जातो. पण तिच्या पत्रातलं काम इथल्यासारखंच, टॅलीतलं होतं.

जळगावच्या पत्रातही एक खोट होती. मुलाखतीत मालकांनी "सहा महिन्यांनी दोन हजार वाढवू" म्हटलं होतं आणि पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. भाचीला ते मागायचा संकोच वाटत होता, तोंडी शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणाली. मी तिला मेलचा मजकूर सांगितला: "मुलाखतीत ठरल्याप्रमाणे कन्फर्मेशननंतरची वाढ पत्रात नमूद करावी ही विनंती, म्हणजे मी सही करून पाठवते." दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारलेलं पत्र आलं. नवव्या कलमाखाली एक ओळ वाढली होती, रकमेसकट. तिने त्यावर सही केली आणि सोमवारी पासासाठी फोटो काढायला गेली.