छापील प्रूफ कॉपी मागवायला लागून आठ महिने झाले, काय काय सापडलं ते सांगते

आमच्या मंडळाची स्मरणिका, कवितासंग्रह आणि एक पाककृतींचं पुस्तक, अशी तीन कामं या आठ महिन्यांत झाली आणि तिन्ही वेळा मी पीडीएफ बघून ओके दिलं नाही, एक पूर्ण बांधलेली कॉपी हातात घेतल्यावरच सही केली. प्रूफचे प्रेसवाले वेगळे पैसे घेतात आणि दोन-तीन दिवस जातात पण मला ते वसूल वाटतात.

स्मरणिकेचंच सांगते. ए५ साइज, ६४ पानं, सेंटर पिन. स्क्रीनवर कव्हर मस्त गडद निळं होतं आणि प्रूफमध्ये आलं चक्क जांभळं. डिझायनरने फाइल उघडली तर सायन म्हणजे निळसर शाई १०० टक्के आणि मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाईही १०० टक्के, हे दोन्ही भरपूर पडले की निळा जांभळ्याकडे झुकतोच, मग मॅजेंटा ७० वर आणला. रंग खिडकीपाशी दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली फसायला होतं. आणि प्रूफ डिजिटल मशीनवर निघत असेल तर खऱ्या छपाईत, म्हणजे ऑफसेट मशीनवर, थोडा फरक पडतोच, म्हणून कागद तरी छपाईचाच वापरायला सांगा. शक्य असेल तर मशीन लागल्यावर पहिले शीट बघायला प्रेसमध्ये जा.

कटिंगचं मला आधी माहीतच नव्हतं. ६४ पानं म्हणजे १६ शीट एकात एक बसतात, त्यामुळे मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगला जास्त कापली जातात. आमच्या ३२-३३ पानावर पट्टी लावली तर पान नंबर कडेपासून साडेतीन मिमीवर होता, पहिल्या पानांवर तोच पाच. दीड मिमी गेला ना! मजकूर आत घेतला. फोटो कडेपर्यंत हवा असेल तर कटिंगच्या रेषेबाहेर फोटोचा तीन मिमी जादा भाग म्हणजे ब्लीड सोडलंय ना तेही बघा, नाहीतर पांढरी रेघ दिसते.

पान नंबर मी बोट ठेवून एकेक मोजते. १६ नंतर एकदम ४७ आलं आणि पुढे ४६ नंतर १७! एकच शीट उलटं घडी होऊन बसलं होतं, पण अशी चूक कायम दोन ठिकाणी दिसते, त्यामुळे एक सापडली की दुसरी शोधायचीच.

धूसर फोटो मात्र सगळ्यात जास्त छळतात, कारण मोबाइलवर सगळंच शार्प दिसतं. आमचा जुना ग्रुप फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, रुंदी ९०० पिक्सेल आणि छापायचा सहा इंचात, म्हणजे इंचाला १५० पडतात आणि पाहिजेत ३००. प्रूफमध्ये मागच्या रांगेतल्या काकूंचे डोळेच दिसेनात. फोटोशॉपमध्ये नुसता मोठा करून काही होत नाही, मूळ प्रिंट मागवून स्कॅन केली तेव्हा चेहरे आले.

दुरुस्तीनंतर दुसरं प्रूफ मागितलं, त्यावर तारीख घालून सही केली आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवली. गठ्ठे आल्यावर कव्हर त्या कॉपीशेजारी ठेवूनच तपासलं.