‘थंडी पडली की रंग चढेल’ असं सांगून विकलेलं सयामी पिल्लू

एका कुटुंबाला १२ आठवड्यांचं, अंगभर दुधाळ पांढरं पिल्लू ‘सील पॉइंट सयामी’ म्हणून विकलं गेलं. अशा मांजराचे कान, तोंड, पंजे आणि शेपूट गडद तपकिरी असतात; या गडद भागांनाच पॉइंट म्हणतात. या पिल्लाचे कान, तोंड, शेपूट सगळं पांढरंच. त्यांनी शंका काढली तेव्हा विक्रेता म्हणाला, “सयामी पिल्लं जन्मतात पांढरीच. थंडीत रंग चढतो. तोवर एसीच्या खोलीत ठेवा.” पाच महिने वाट पाहिली. रंग काही आला नाही. डोळे मात्र हिरवे झाले.

विक्रेत्याचं पहिलं वाक्य खरं होतं, म्हणूनच थाप पचली. सयामी मांजरात गडद रंगद्रव्य तयार करणारं टायरोसिनेज हे विकर सदोष असतं आणि शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत ते नीट काम करत नाही. मांजराच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. आईच्या पोटात सगळं अंग सारखंच गरम, म्हणून पिल्लू पांढरं जन्मतं. जन्मल्यावर कानाची पातळ पाळी, नाक, पंजे आणि शेपूट धडापेक्षा गार राहतात, आणि तिथे विकराला काम करता येतं.

थाप पुढे सुरू होते. रंग चढायला हिवाळा लागत नाही, कारण कानाचं टोक उबदार घरातही धडापेक्षा गारच असतं. सील पॉइंटच्या कानांच्या कडा आणि नाक पहिल्या काही आठवड्यांतच काळवंडू लागतात. लायलॅकसारख्या फिक्या छटा उशिरा उमटतात, पण विक्रेत्याने सील म्हटलं होतं. १२ आठवड्यांच्या सील पिल्लाचे कान तपकिरी दिसायलाच हवेत. शिवाय उगवलेला केस नंतर रंग बदलत नाही. रंग भरतो तो वाढत्या केसात. म्हणून गारव्यात ठेवून अंग हळूहळू गडद होतं खरं, पण नसलेले पॉइंट उगवत नाहीत. लहान पिल्लाला उगाच गारठवणं तर सरळ घातक आहे.

डोळ्यांनी खरं तर आधीच सांगितलं असतं. सगळ्याच पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात, पण सहा-सात आठवड्यांनंतर इतरांचे बदलू लागतात आणि सयामीचे निळेच राहतात. या पिल्लाच्या बुबुळात हिरवट झाक घेतानाच होती. उजेडात नीट पाहिलं गेलं नाही.

याउलट, कान रंगवून विकलेलं पिल्लूही गळ्यात मारलं जातं. तिथे कानावरचे केस बोटांनी विलगून मुळाशी पाहा: रंग लावलेला असेल तर नवी वाढ फिकी दिसते. पंजाच्या गाद्याही पाहा. सील पॉइंटच्या गाद्या गडद तपकिरी होतात. कान गडद आणि गाद्या स्वच्छ गुलाबी असतील, तर पैसे देऊ नका.

तरीही खात्री हवी असेल, तर गालाच्या आतून घासून घेतलेल्या नमुन्याची जनुकचाचणी होते. सयामी जनुकाच्या दोन प्रती हव्यात. एकच असेल तर मांजर फक्त वाहक, त्याला पॉइंट येत नाहीत. विक्रेता चाचणीला नाही म्हणत असेल, तर पिल्लू तिथेच राहू द्या.