माझी सही एका प्रूफवर, छापलं भलतंच

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मी बरीच वर्षं प्रूफं तपासतो. गेल्या वर्षी कळंब्याकडच्या एका गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक आलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "शुद्धलेखन तेवढं बघा." पण मला आकडे खटकले.

टू बीएचकेचं क्षेत्र ७८० चौरस फूट, एवढंच लिहिलेलं. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, की बाहेरच्या भिंती वगैरे धरून येणारं बिल्टअप, ते नाही. नकाशातल्या खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली, तर ५४० च्या पुढं जाईना. मग गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहिलं. तिथं कार्पेट ५२.४० चौरस मीटर. १०.७६४ नं गुणलं की ५६४ चौरस फूट होतात. आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, म्हणून माझ्या बेरजेपेक्षा थोडं जास्त. वरचे २१६ फूट बाल्कनी, बाहेरच्या भिंती, जिना आणि लॉबीचे, पण गिऱ्हाईक ते राहायची जागा समजून वाचणार.

ताबा "येत्या दिवाळीत", साल नाही. महारेरावर पूर्णत्वाची तारीख डिसेंबर २०२७. चित्रात पोहण्याचा तलाव, मंजूर नकाशात तो नाहीच. "अंबाबाई मंदिर ५ मिनिटांवर" याच्या समासात मी लिहिलं, "किलोमीटर द्या."

सगळं लाल शाईनं खुणावून दिलं. दोन दिवसांनी त्या प्रतीसोबत दुरुस्त केलेलं प्रूफ आलं, एकूण एक बदल केलेला. मला बरं वाटलं. 'छपाईस योग्य' लिहून सही केली.

पुढं माझा मावसभाऊ त्याच प्रकल्पात फ्लॅट बघायला गेला. मी म्हणालो, "ते पत्रक मीच तपासलंय, निर्धास्त जा." सेल्स ऑफिसातल्यांनीही त्याला माझं नाव सांगितलं. फ्लॅट ३८ लाखांचा, त्यानं ५ लाख भरले, करारनामा नोंदवलाच नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी रेरा कायद्यानं १० टक्क्यांवर, म्हणजे इथं ३ लाख ८० हजारांवर, रक्कम घेता येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्यानं किती भरले ते मी विचारलंच नाही.

पावती दाखवायला आला तेव्हा त्याच्या हातात छापील पत्रक होतं. त्यात ७८० फूट, येती दिवाळी, तलाव. जुनीच फाईल छापायला गेली होती. दुरुस्त प्रूफ फक्त माझ्या सहीपुरतं काढलेलं.

प्रूफाबाबत माझी चूक एकच. सही केली, पण छापखान्यात जाऊन मशीन प्रूफ पाहिलं नाही. आता प्रत्येक पानावर तारीख घालून सही करतो, त्याची प्रत ठेवतो आणि मशीनवरचा पहिला कागद आकड्यांसकट ताडून बघतो.

लाल शाईची ती पहिली प्रत सुदैवानं माझ्याकडेच राहिली होती. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला रेरा कायद्याच्या कलम १२ खाली व्याजासह परतावा मागता येतो. भावानं महारेराकडे तक्रार केली आहे. तिला छापील पत्रक, पावती आणि माझी ती प्रत जोडली आहे.